मदत हवी आहे: लंगडी, झेल आणि तोल यांच्या मूल्यमापनाचा तक्ता कसा करावा?

शुभदा_बालवाडी
आमच्या मोठ्या शिशुवर्गात ४ ते ५ वर्षांची २८ मुलं आहेत. सध्याच्या तक्त्यात प्रत्येक कौशल्यापुढे ‘उत्तम / बरे / सराव हवा’ एवढंच आहे. एकाच मुलाच्या झेलाला मी ‘बरे’ लिहिते, शेजारच्या वर्गाच्या बाई ‘उत्तम’ लिहितात. वर्षात दोनदा नोंद करायची आहे. दोघींच्या नोंदी जुळाव्यात असा तक्ता कसा बनवायचा?

मैदानकर
सोपं आहे. आकडे ठेवा. न थांबता लंगडीच्या दहा उड्या, एका पायावर दहा सेकंद, पाचांतले तीन झेल. आकड्यावर वाद होत नाही.

निरीक्षक_पुणे
तोलासाठी आकडा चालेल, पण एकट्या आकड्यावर लंगडी आणि झेल कळत नाहीत. पाचांतले तीन चेंडू छातीशी कवटाळून अडवणारं मूल आणि तीन चेंडू नुसत्या तळहातांत धरणारं मूल, दोघांनाही तीनच मिळतील. पुढे काय शिकवायचं, हे त्यातून समजत नाही.

शुभदाताई, ‘उत्तम’ हा तुमचा निष्कर्ष आहे. तक्त्यात डोळ्यांना दिसणारी कृती लिहा आणि तिच्यापुढे हो किंवा नाही. झेलासाठी तीन ओळी पुरतात:

१. चेंडू सुटण्याआधी हात शरीरासमोर, कोपरं वाकलेली.
२. चेंडू येताना हात त्याच्या दिशेने पुढे जातात.
३. चेंडू फक्त हातांनी धरला, छातीचा आधार नाही.

प्रत्येक मुलाला आधी एकदा करून दाखवा, एक सरावाचा चेंडू द्या, मग दोन चेंडूंची नोंद करा. म्हणजे सहापैकी गुण. मुलांची पळणं, उडी, झेल अशी कौशल्यं तपासणाऱ्या टीजीएमडी-३ या चाचणीची पद्धत साधारण अशीच आहे, पण तिच्यात चेंडू लहान आणि अंतर सुमारे साडेचार मीटर असतं. चार वर्षांच्या मुलांना ते जड जातं. तुम्ही १५ सेंटिमीटरचा मऊ चेंडू आणि दोन मीटर अंतर घ्या. मात्र जूनमध्ये जे घ्याल तेच मार्चमध्येही ठेवा, नाहीतर वाढलेले गुण मुलाचे की मोठ्या चेंडूचे, ते कळणार नाही. तिकडची वयानुसार प्रमाणं इथे लावू नका, ती अमेरिकन मुलांवरून काढलेली आहेत.

आर्याची_आई
माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, तिला लंगडी अजिबात जमत नाही. डॉक्टरांना दाखवू का?

निरीक्षक_पुणे
या वयात पुष्कळ मुलांना जमत नाही. चालणं, पळणं, जिना चढणं नीट असेल तर थांबायला हरकत नाही. वारंवार पडत असेल किंवा आधी जमणारं आता जमेनासं झालं असेल तर जरूर दाखवा. हा तक्ता मात्र निदानासाठी नाही.

शुभदा_बालवाडी
झेलाचं समजलं. पण मी टाकलेला चेंडूच वाकडा गेला तर?

निरीक्षक_पुणे
बहुतेक घोळ तिथेच होतो. खालून, छातीच्या उंचीवर टाका. खांद्याच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली गेला तर तो चेंडू मोजायचा नाही, पुन्हा टाकायचा. शक्यतो सगळ्या मुलांना एकाच व्यक्तीने टाकावा आणि नोंद दुसरीने करावी.

एक उदाहरण घ्या. एका मुलाचे हात दोन्ही वेळा तयार होते, पण पुढे गेले नाहीत; पहिला चेंडू छातीशी अडला, दुसरा हातांत बसला. गुण २ + ० + १, म्हणजे ३. नुसत्या ३ पेक्षा मधला शून्य महत्त्वाचा. हे मूल चेंडू आपल्यापर्यंत येण्याची वाट बघतंय. त्याला फुगा किंवा हळू येणारा मोठा चेंडू द्या आणि हात पुढे नेऊन धरायला लावा.

कल्पना_ठाणे
आमच्याकडे एक ओळ होती, ‘चेंडूकडे बघत हात पुढे करून पकडतो’. निम्म्या नोंदी जुळायच्या नाहीत. बघतो पण हात पुढे करत नाही, त्याचं काय लिहायचं? एका ओळीत एकच गोष्ट हवी.

तोलाच्या वेळी घड्याळ कधी थांबवायचं, तेही लिहून ठेवा. उचललेला पाय जमिनीला लागला, उभ्या पायाला टेकला किंवा उभा पाय जागचा हलला की थांबवा. मुलं उचललेला पाय दुसऱ्या पोटरीला अडकवतात आणि सेकंद वाढतात. सगळ्यांना अनवाणी उभं करा, दोन्ही पाय वेगळे नोंदवा.

मैदानकर
बरं, झेलाचं पटलं. पण लंगडीत काय बघणार? उड्या मोजायच्याच ना?

निरीक्षक_पुणे
मोजा, पण चार सलग पुरेत, दहा नकोत. दहाव्या उडीपर्यंत दमच मोजला जातो. सोबत दोन गोष्टी बघा: मोकळा पाय पुढे-मागे झुलतो का आणि हात मदत करतात का. या वयात झोका बहुधा दिसणार नाही. ‘नाही’ लिहा, पण त्याला नापास समजू नका.

कल्पना_ठाणे
इथे माझं जुळत नाही. लंगडीच्या खेळात मुलं पाय मागे दुमडूनच धरतात. उत्तम खेळणाऱ्या मुलाचेही झोक्याचे गुण जातील. मी ती ओळ पाच वर्षांनंतरच घेते.

निरीक्षक_पुणे
मी ती ठेवतो, कारण दोन नोंदींमधला बदल तिथेच दिसतो. खेळात नव्हे, मोकळ्या जागेत सरळ रेषेत उड्या मारायला सांगून बघा.

शुभदा_बालवाडी
आधी आम्ही दोघी पाच मुलांचे व्हिडिओ एकमेकींना न विचारता तपासतो. ज्या ओळीवर उत्तरं वेगळी येतील, ती इथे टाकते. तिन्ही कौशल्यांची मिळून एक बेरीज करावी का?

कल्पना_ठाणे
नको. सेकंद आणि गुण मिळवून काय आकडा येणार? प्रगतिपत्रकात एकच खूण मागत असतील तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे मागतात, आणि त्यावर मला अजून तोड सापडलेली नाही.