मदत हवी आहे: क्लासच्या पॅम्प्लेटमध्ये 'इच्छा' कशी जागवायची?

नमस्कार मंडळी. अमळनेरला माझा अकरावी-बारावी फिजिक्सचा क्लास आहे. पेपरात टाकायचं पॅम्प्लेट आणि स्टँडजवळचं होर्डिंग मी स्वतःच लिहितोय. लक्ष, रस, इच्छा, कृती या क्रमाने.

लक्ष: "फॉर्म्युला पाठ, तरी गणित अडतं?" रस: दर रविवारी फक्त न्यूमेरिकल्स, बॅचला वीसच मुलं. कृती: "सोमवारी सायंकाळी ५ ला डेमो लेक्चर, मोफत. वहीसह या."

अडलंय ते इच्छेपाशी. पहिल्या मसुद्यात "९० टक्क्यांची हमी" लिहिलं होतं, ते खोडलं. नोव्हेंबर २०२४ पासून कोचिंगच्या जाहिरातींत निकालाची हमी देणं चालत नाही, आणि मला ते पटतंही. मुलांचे फोटोही निकालानंतर त्यांची लेखी परवानगी घेऊनच. आता लिहिलंय, "तपासलेला पेपर दर बुधवारी घरी, कुठं चुकलं ते लाल पेनात." चोपडा, पारोळ्याकडून एसटीने येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हे भिडेल का?

होर्डिंगवर गाडीवरचा माणूस जेमतेम सहा-सात शब्द वाचतो. म्हणून तिथं प्रश्न आणि फोन नंबर एवढंच ठेवतोय. की डेमोचा वारही हवा? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा.