अनुभव: दुःखाच्या निरोपाला गेलेलं हसरं ऑटो-उत्तर

चष्मेघर
धागा मीच काढतेय तर आधी माझा अनुभव. माझं चष्म्याचं दुकान आहे. एका काकांचा चष्मा तयार होऊन पडला होता, न्यायला कोणी येईना. मग एका रात्री त्यांच्या मुलीचा मेसेज आला, "बाबा परवा गेले. चष्मा आता नको." आणि लगेच त्याखाली माझ्या दुकानाकडून गेलं, "नमस्कार! 😊 तुमचा मेसेज बघून खूप आनंद झाला! नवा चष्मा, नवी नजर! 🎉"
मी सकाळी बघितलं. दोन निळ्या टिका, पुढे काहीच नाही. हातपाय गार पडले माझे. मेसेज टाइप करत न बसता सरळ फोन लावला, म्हटलं ताई ते आपोआप गेलं पण शब्द माझेच होते, माफ करा. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली चष्मा ठेवा, मी नेते, फ्रेम बाबांनी स्वतः निवडली होती.

राघू
पण ग्रीटिंग तर नवीन गिऱ्हाइकालाच जातं ना? तिला कसं गेलं?

खटपट्या
नाही, व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये १४ दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्या माणसालाही परत जातं. म्हणजे बघा, आजारपणात लोक गप्प होतात आणि नंतर कळवायला येतात, नेमके तेच त्यात सापडतात.

राघू
मग "निधन", "वारले" असे शब्द आले की उत्तर थांबेल असं काहीतरी लावून घ्या.

खटपट्या
आम्ही वेगळ्या सिस्टीमवर करून बघितलं. घरचं माणूस "निधन" लिहीतच नाही हो, "गेले" लिहितं, आणि "गेले" धरलं तर "कुरिअरवाले येऊन गेले" पण त्यातच अडकतं. शेवटी मजकूरच साधा केला.

सुमनमावशी
माझ्या मिस्टरांच्या नावाने अजून वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात एका ठिकाणाहून. दोनदा कळवलं. दरवर्षी त्या दिवशी फोन हातात घ्यायची भीती वाटते.

चष्मेघर
मावशी 🙏 काय बोलू.
मी आता फक्त "निरोप मिळाला. दुकान सकाळी उघडलं की वाचून उत्तर देते" एवढंच ठेवलंय. आनंद, सूट, इमोजी सगळं काढलं.

राघू
नवीन माणसाला हे कोरडं नाही वाटणार? मला तर वाटेल.

खटपट्या
चष्मेघर, मावशींचं वाचून विचारतो, वर्षाने "डोळे तपासायची वेळ झाली" म्हणून आठवण पाठवता का? ती बिलाच्या सॉफ्टवेअरमधून जात असेल तर तिथे काकांचं नाव अजून असणार.

चष्मेघर
आत्ता उठून बघितलं. होतं. जूनमध्ये जाणार होती, "काका, नजर कशी आहे?" अशी. काढली. आता सगळी यादी एकेक नाव करून बघत बसलेय.