शब्दचर्चा: ‘आर्क लेंग्थ पॅरामीटर’ला मराठीत काय म्हणाल?

रेघोट्या: नकाशावर घाटातून चढणारी एसटी दाखवायची आहे. रस्ता म्हणजे बेझिए वक्र. t शून्यापासून एकापर्यंत सारख्या टप्प्यांनी वाढवला, तरी बस कुठे रांगते, कुठे सुसाट सुटते. उपाय म्हणून आर्क लेंग्थ वापरा असं सगळीकडे लिहिलंय. मराठी टिपणात काय लिहू? ‘चापलांबीनुसार एकसमान वेग’ चालेल?

बापू: ईझिंग linear केलंत का? डीफॉल्टला सुरुवात-शेवट संथच असतो.

रेघोट्या: केलंय बापू. तरीही तसंच.

त्रिज्या: बापू, ईझिंग फक्त t वेळेबरोबर कसा वाढतो ते ठरवतं. तो सारखा वाढला तरी अंतर सारखं वाढेल असं नाही. वळण बाजूला ठेवून सरळ रेषेवरच बघा. चारही नियंत्रणबिंदू एका रेषेत घ्या: ०, १०, २००, ३०० पिक्सेल. सारखी चाल असती तर t = ०.१ ला बस ३० पिक्सेलवर हवी. ती जेमतेम ८ वर असते. t = ०.५ ला १५० हवी, असते ११६ वर. सुरुवातीची चाल पहिल्या दोन बिंदूंमधल्या अंतराच्या तिप्पट, म्हणजे ३०. शेवटची शेवटच्या दोघांमधल्या अंतराच्या तिप्पट, म्हणजे ३००. दहापट फरक, आणि वळण एकही नाही.

आता शब्द. ‘चाप’ हिंदीच्या वळणाचा. आपल्या भूमितीच्या पुस्तकात लघुकंस, विशालकंस असतात, म्हणून ‘कंसलांबी’. पॅरामीटरला ‘प्राचल’ रुळलेला आहे. आणि ‘एकसमान वेग’ तर चूकच. शाळेतल्या विज्ञानात स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे वेग. वळणावर दिशा बदलते, म्हणजे वेग बदलतोच. आपल्याला स्थिर हवी ती चाल.

शब्दवेडी: ‘कंसलांबी’ वाचून मला आधी गणितातले कंस दिसले, मग कृष्णाचा मामा! शिवाय कंस वर्तुळाचा. घाटाचा रस्ता कुठे वर्तुळ आहे? ‘वक्रलांबी’ म्हणा, किंवा सरळ ‘वाटेवरचं अंतर’.

खरादी: आमच्या सीएनसीवर यासाठी वेगळा शब्दच लागत नाही. फीड F500 दिला की टूल वाटेवरून मिनिटाला ५०० मिलिमीटर जाणार, सरळ असो वा G02 चा गोल. पण कॅडमधला स्प्लाइन बारीक तुकडे करून आला की कधीकधी मशीन गचके खातं. तुमचाही तोच घोळ का?

त्रिज्या: नाही खरादीदादा, तिथे मशीन बहुधा प्रत्येक बारीक तुकड्याच्या टोकाला चाल कमी करतं. इथे दुखणं t चंच आहे. त्रिघाती बेझिएची लांबी काढायला साधारणपणे सुटसुटीत सूत्र नसतं, म्हणून आधी कोष्टक करायचं: t चे N सारखे भाग, प्रत्येक बिंदूपर्यंतच्या जीवांची बेरीज L मध्ये. मग दर फ्रेमला s या कापलेल्या अंतरात चाल × मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ मिळवायचा आणि त्या s चा t शोधायचा:

```js
function tAt(s) {
  let lo = 0, hi = N;
  while (hi - lo > 1) {
    const m = (lo + hi) >> 1;
    if (L[m] < s) lo = m; else hi = m;
  }
  return (lo + (s - L[lo]) / (L[hi] - L[lo])) / N;
}
```

रेघोट्या: ताई, चाललं! N = १० ठेवलाय. पण सुरुवातीला अजून थोडे हिसके बसतात.

त्रिज्या: बसणारच. कोष्टकाच्या दोन नोंदींमध्ये आपण पुन्हा t लाच सरळ वाढवतो. वरच्याच उदाहरणात पहिल्या भागात t मागची चाल ३० वरून १३० वर जाते. म्हणजे त्या ८ पिक्सेलमध्ये बस आधी हव्या त्या चालीच्या ३७ टक्क्यांनी निघते आणि १६० टक्क्यांनी बाहेर पडते. पुढच्या नोंदीला पुन्हा खाली. N = १०० केलं की पहिल्या भागात ३० ते ४१ एवढाच फरक उरतो. पारखायला दर फ्रेमला एक ठिपका मागे सोडा: जिथे दाट, तिथे बस रेंगाळतेय.

बापू: SVG मध्ये getTotalLength() आणि getPointAtLength() आयतंच आहे की! कोष्टक कशाला?

त्रिज्या: एक बस असेल तर खुशाल वापरा, बापू. शेकडो बसेस असल्या तर दर फ्रेमला ते विचारणं महाग पडू शकतं. आणि कॅनव्हासवर ते थेट नाहीच.

शब्दवेडी: मग टिपणात ‘वक्रलांबीनुसार एकसमान चाल’?

त्रिज्या: ‘चाल’ला माझा होकार. ‘वक्रलांबी’ मात्र उद्या कोणी वक्रतेशी जोडेल, आणि वक्रता हे प्रकरणच निराळं. माझं मत अजून कंसलांबीलाच.

खरादी: कोष्टक बसच्या मधोमध जाणाऱ्या वाटेचं ना? मग तीव्र वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात दिसेल. ते कोणत्या शब्दात बसवणार?