लांब कॅप्शन: प्रत्येक वाक्यानंतर एन्टर मारावं का?

अबोली: इन्स्टाग्रामवर ऑनलाइन सुलेखन कार्यशाळेची जाहिरात टाकायची आहे. कॅप्शन बरंच लांब झालंय. मैत्रीण म्हणते, प्रत्येक वाक्यानंतर एन्टर मार, मधे ओळ सोड आणि महत्त्वाचं ठळक कर. मला ते तुटक वाटतं. तुमचं काय मत?

रानवारा: मैत्रिणीचं बरोबर आहे. फोनवर आठ-दहा ओळींचा ठोकळा दिसला की अंगठा पुढे सरकतो. एन्टर मारत जा. ठळक अक्षरांसाठी फॉन्ट जनरेटर आहेतच.

शाईदौत: ठोकळ्याचं पटलं, बाकीचं नाही. मोकळी ओळ ही विषय बदलल्याची खूण असते. ती प्रत्येक वाक्यामागे आली, तर माहिती कुठे संपली आणि नोंदणी कुठे सुरू झाली, हे डोळ्यांना कसं कळणार? मी असं लिहीन:

> देवनागरी सुलेखन, मुळाक्षरांपासून. रविवारी, ऑनलाइन.
>
> कट निब कशी धरायची, किती कोनात टेकवायची, हे करून बघत शिकू. आधीचा सराव नसला तरी चालेल.
>
> वेळ: सकाळी १० ते १
> साहित्य: कट निब, शाई, आखीव कागद
> नोंदणी: शुक्रवारपर्यंत, प्रोफाइलमधल्या लिंकवर

फीडमध्ये सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो, म्हणून काय आणि कधी ते पहिल्याच ओळीत. शेवटच्या तीन ओळी मात्र मुद्दाम चिकटून ठेवल्यात, कारण तो एकच गट आहे. ‘वेळ’, ‘साहित्य’ हे शब्द ओळीच्या सुरुवातीला आले की ठळक करायची गरजच उरत नाही.

आणि ते जनरेटर फॉन्ट बदलत नाहीत, युनिकोडमधली गणिती चिन्हं आणून ठेवतात. तशी चिन्हं रोमन अक्षरांसाठी आहेत, देवनागरीसाठी नाहीत. शिवाय स्क्रीन रीडर त्यांवर अडखळतो किंवा ती गाळूनच टाकतो. तुमची तारीखच कुणाच्या कानावर पडली नाही तर?

केवडा: मी तारांकन वापरते, पण `* रविवारी *` असं लिहिलं की व्हॉट्सॲपवर तारे तसेच दिसतात.

शाईदौत: ताऱ्याच्या आत जागा सुटली आहे. `*रविवारी*` असं चिकटवून लिहा, देवनागरीही ठळक होते. पण हे व्हॉट्सॲपपुरतंच. तोच मजकूर इन्स्टाग्रामवर नेलात तर तारे काढा.

रानवारा: फॉन्टचं मान्य. पण अनुभव सांगणारं कॅप्शन असेल तर एकेक वाक्य सुटं ठेवल्याने उत्सुकता टिकते, यावर मी ठाम आहे.

शाईदौत: दोन-तीन वाक्यांपुरतं ठीक, पूर्ण कॅप्शनभर नको. आणि वाक्य मधेच तोडून ओळी सारख्या करू नका. वाचणाऱ्याने फोनवरचं अक्षर मोठं केलेलं असलं की तीच ओळ पुन्हा मोडते आणि एखादा शब्द एकटाच खाली लटकतो.

अबोली: माझ्या मसुद्यात नेमकं तेच झालंय. तपशिलाचा गट आजच वेगळा काढते. सुरुवातीच्या अनुभवाच्या ओळी मात्र सुट्याच ठेवून बघेन.