मदत हवी आहे: जर्मन क्लायंट टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट मागतोय, कुठून काढायचं?

गोदाकाठ
नाशिकहून काम करतो. जर्मन क्लायंटने माझ्या पैशांतून १५.८२५ टक्के कर कापला. आता म्हणतोय २०२४ चं रेसिडेन्सी सर्टिफिकेट द्या, म्हणजे भारत-जर्मनी कर करारातला कमी दर लावता येईल. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तासभर शोधलं, काही सापडत नाही. लवकर सांगा, तो रोज मेल करतोय.

सह्याद्री७
सोपं आहे. पोर्टलवर फॉर्म १०एफ ऑनलाइन भरा, लगेच पावती मिळते. मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात हेच केलं.

हिशेबनीस
सह्याद्री, १०एफ बाहेरचे लोक भरतात, ज्यांना भारतातून पैसे मिळतात ते. तुमच्या ऑफिसने परदेशी व्हेंडरकडून घेतला असेल. इथे उलटं आहे. गोदाकाठ यांना १०एफए लागेल. तो अर्ज आपल्या असेसिंग ऑफिसरकडे द्यायचा, आणि ते १०एफबी म्हणून सर्टिफिकेट देतात. मी आजवर प्रत्येक वेळी कागदीच अर्ज दिलाय.
पण आधी सांगा, पैसे कशाचे? नुसतं कोडिंग करून दिलं असेल तर जर्मनीत कर कापायलाच नको होता.

रसिका_भटकंती
मी यूट्यूबसाठी डब्ल्यू-८बेन भरला, अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात. सर्टिफिकेट कोणी मागितलंच नाही. तुम्हीही तोच भरा ना!

गोदाकाठ
रसिकाताई, माझा क्लायंट जर्मनीतला आहे, तो फॉर्म अमेरिकेचा.
हिशेबनीस, माझ्या प्लगइनचं लायसन्स त्यांना दिलंय. ४,००० युरो फेब्रुवारी २०२४ ला, ४,००० नोव्हेंबरला.

हिशेबनीस
मग रॉयल्टी, आणि कापणं नियमाला धरून आहे. करारात दर १० टक्के. म्हणजे ८,००० वर ८०० व्हायला हवे होते, कापले १,२६६. वरचे ४६६ युरो महत्त्वाचे, कारण फॉर्म ६७ भरून इथे क्रेडिट घ्याल तेव्हा करारातल्या दरापुरतंच मिळेल, जास्तीचं विचारात घेत नाहीत. ते जर्मनीतूनच परत मागावे लागतात, बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयाकडून. पुढच्या पैशांसाठी तिथेच सवलतीचा वेगळा अर्ज आहे. तो त्यांच्याकडे पोचल्याच्या तारखेआधीच्या पैशांना लागू होत नाही, तेव्हा तो आजच टाका.

मुलुंडकर_काका
इतक्या रकमेसाठी सीएची फी परवडते का? सोडून द्या.

हिशेबनीस
काका, लायसन्स दर वर्षी चालणार असेल तर का सोडायचे? शिवाय १०एफए एक पानाचा आहे, सीए लागत नाही.

गोदाकाठ, एक अडचण आताच बघा. जर्मनीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. फेब्रुवारीचे पैसे २०२३-२४ मध्ये पडतात, नोव्हेंबरचे २०२४-२५ मध्ये. एकच सर्टिफिकेट काढलंत तर अर्धी रक्कम उघडी राहील. दोन वर्षांचे दोन अर्ज द्या. 'कालावधी' रकान्यात पूर्ण तारखा लिहा, 'उद्देश' मध्ये भारत-जर्मनी करार, रॉयल्टी, आणि क्लायंटचं नाव. सोबत पॅन, दोन्ही वर्षांचे रिटर्न, पासपोर्टच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, करारपत्र आणि कापलेल्या कराचा जर्मन दाखला. वर्षात किती दिवस भारतात होतात ते ऑफिसर पासपोर्टवरून मोजतात.

गोदाकाठ
दोन्ही वर्षं इथेच होतो. पण इथल्या इन्कम टॅक्स वॉर्डात गेलो तर म्हणाले, तुमचं पॅन इथलं नाही.

हिशेबनीस
पॅन कुठे काढलं होतं?

गोदाकाठ
ठाण्यात, शिकत असताना. पत्ता मागेच बदलून घेतला होता.

हिशेबनीस
पत्ता बदलला तरी ऑफिसर आपोआप बदलत नाही. पोर्टलवर 'नो युवर एओ' मध्ये पॅन टाकून बघा, जो वॉर्ड दिसेल तिथेच अर्ज. पॅन नाशिकला हलवायची विनंती स्वतंत्र द्या, पण त्याला वेळ लागतो, त्यावर थांबू नका.

पैलतीर
मी म्युनिकला असते, ओळखीच्या, भारतातल्या एका फ्रीलान्सरचं असंच होतं. जर्मन अर्जात आपल्या कर खात्याच्या शिक्क्याची जागा असते. त्यांच्या ऑफिसरने परदेशी फॉर्मवर शिक्का मारायला नकार दिला.

सह्याद्री७
आमच्या व्हेंडरला तर मिळाला होता शिक्का.

हिशेबनीस
तो त्याच्या देशाचा शिक्का हो. इथे बहुतेक ऑफिसर नाहीच म्हणतात. मी १०एफबी जोडून पाठवतो, माझ्या दोन्ही क्लायंटचं चाललं. पण बॉनच्या कार्यालयाला आधी लेखी विचारलेलं बरं.

गोदाकाठ
पोर्टलवर ठाण्याचाच वॉर्ड दिसतोय. सोमवारी दोन्ही अर्ज घेऊन जातो, पोच घेऊन ठेवतो. पैलतीर, त्या फ्रीलान्सरचं १०एफबी शेवटी चाललं का? समजलं तर इथेच टाका, क्लायंटला मला आज काहीतरी उत्तर द्यायचंय.