वायफाय कॅमेरा राउटरला जोडलाच जात नाही, दोन्ही बँडचं नाव एकच आहे, मदत हवी आहे

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी. आमचं गाव तासगावपासून जवळच, घरामागं बेदाण्याचं शेड आहे. माल रॅकवर पडलाय आणि रोज दुपारनंतर आभाळ भरून येतंय. मी दिवसभर सांगलीत कामाला, घरी आई आणि दादा दोघंच, म्हणून शेडमध्ये एक वायफाय कॅमेरा लावायचा ठरवला, म्हणजे पावसाचं वातावरण झालं की बाजूचा कागद सोडलाय का नाही ते मला इथून दिसेल आणि लगेच फोन करता येईल. बेदाणा एकदा भिजला की काळा पडतो, मग त्याला कोण विचारतंय, त्यामुळं काम तातडीचं आहे.

कॅमेरा साधा फिरणारा आहे, मेमरी कार्डवाला. चालू केला की बोलतो, लाल लाईट मिचकावतो, इथपर्यंत सगळं ठीक. ॲपमध्ये वायफाय निवडायला गेलो की मेसेज येतो `5GHz Wi-Fi is not supported` आणि पुढं जातच नाही. गंमत म्हणजे हाच फोन घेऊन शेडमध्ये गेलो की तो मेसेज येत नाही, क्यूआर कोड दिसतो, कॅमेरा तो वाचतो पण, टुंग असा आवाज करतो आणि मग बराच वेळ गोल फिरून `Connection timed out`. पासवर्ड बरोबर आहे, बाकी सगळे फोन आणि टीव्ही त्यावरच चालतात.

राउटर फायबरवाल्यानं बसवून दिलेला आहे. वायफायचं नाव एकच दिसतं, `Mala_Home`. बऱ्याच जणांच्या राउटरला दोन नावं दिसतात, एकाच्या मागं 5G लिहिलेलं असतं, आमच्यात तसं काही नाही. कॅमेरा परत करायची मुदत संपत आलीय, खराब असेल तर देऊन टाकतो. कोणी सांगेल का?

निवांत_कराड

फोनमध्ये ५जी सिम आहे ना? सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ४जी करा, माझ्या मेहुण्याला पण असाच मेसेज यायचा.

बेदाणा_तासगाव

केलं दादा, काहीच फरक नाही. तोच मेसेज.

गणेश_विटा

असले कॅमेरे फक्त २.४ वर चालतात, ५ त्यांना दिसतच नाही. राउटरमध्ये जाऊन ५ कायमचं बंद करून टाका, प्रश्न मिटला. ५ चा आपल्याकडं काही उपयोग नाही, एक भिंत आडवी आली तरी रेंज जाते.

मिरज_केबलिंग

गणेशराव निम्मं बरोबर बोललेत, कायमचं बंद करायची मात्र गरज नाही, टीव्ही राउटरशेजारी असेल तर तो ५ वरच चांगला चालतो. आणि सिमच्या ५जीचा या मेसेजशी काही संबंध नाही, ते टॉवरचं, हे घरातल्या वायफायचं.

मी मिरजेत सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगचं काम करतो, हे दुखणं आता वरचेवर बघायला मिळतं कारण नवीन राउटर पेटीतूनच दोन्ही बँड एका नावाखाली घेऊन येतात. आत रेडिओ दोन असतात, एक २.४ चा आणि एक ५ चा, पण बाहेर नाव एकच. कुठल्या फोनला कुठं ठेवायचं ते राउटर ठरवायला बघतो. तुम्ही ओट्यावर उभं राहता तेव्हा फोन ५ वर असतो, ॲप फोनला विचारतं की बाबा तू कशावर आहेस, आणि ५ दिसलं की तिथंच अडवतं. शेडमध्ये गेलात की ५ ची ताकद संपते, फोन आपोआप २.४ वर उतरतो, म्हणून तिथं मेसेज आला नाही. म्हणजे मेसेजचं कोडं सुटलं.

पण जोडणी तरी का झाली नाही, ते वेगळं आहे आणि खरी गोम तिथंच आहे. क्यूआर कोडमध्ये काय असतं, तर वायफायचं नाव आणि पासवर्ड, बरोबर ॲपचा एक नंबर. कॅमेऱ्यानं तो वाचला म्हणजे फोनचं काम संपलं, इथून पुढं कॅमेरा आणि राउटर दोघांचा मामला. कॅमेरा २.४ वर दार वाजवतो. काही राउटर अशा वेळी पहिल्या एक-दोन हाकांना मुद्दाम ओ देत नाहीत, त्यांना वाटतं हा नवीन गडी ५ वर येतो का बघू. फोन हुशार असतो, तो ५ वर जातो नाहीतर परत परत हाक मारतो. स्वस्त कॅमेऱ्याला दुसरीकडं जाताच येत नाही, तो थोडा वेळ बघतो आणि हात टेकतो, तुम्हाला टाइम आउट दिसतं. सगळेच राउटर असं करतात असं नाही, आणि शेडमधलं अंतर हे पण एक कारण असू शकतं, म्हणून अंदाजावर कॅमेरा परत करू नका.

आधी कॅमेरा चांगला आहे का ते बघा. घरातला दुसरा फोन घ्या, हॉटस्पॉट चालू करा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड असतो तो `2.4 GHz` करा. आयफोन असेल तर `Maximize Compatibility` चालू करा, तेच काम होतं. ॲपवाला फोन त्या हॉटस्पॉटला जोडा, कॅमेऱ्याचं रीसेट बटण आवाज येईपर्यंत दाबून धरा आणि पहिल्यापासून करा. इथं जोडला गेला तर कॅमेरा निर्दोष, राउटरकडं बघायचं.

बेदाणा_तासगाव

साहेब, दादांच्या फोनचा हॉटस्पॉट लावला आणि कॅमेरा लगेच जोडला गेला! शेड मोबाईलवर दिसायला लागलं. म्हणजे कॅमेरा चांगला आहे. आता राउटरमध्ये काय करायचं ते नीट सांगा, मी कधी आत गेलेलो नाही.

सुप्रिया_सातारा

माझा पण हाच घोळ झाला होता, फक्त आमच्या कंपनीनं राउटरचं पान बंदच करून ठेवलंय, पासवर्ड देत नाहीत. त्यांच्या मोबाईल ॲपमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करायची सोय होती आणि त्यात फक्त २.४ निवडता आलं, मी कॅमेरा त्यावर टाकला. पाळण्यावर लावलाय, ऑफिसातून बाळ दिसतं. पण वेगळीच अडचण आहे, लाईट जाऊन आली की कॅमेरा ऑफलाईनच राहतो, सासूबाईंना प्लग काढून घालायला सांगावं लागतं. यावर कोणाकडं काही उपाय आहे का?

मिरज_केबलिंग

ताई तुमचं नंतर बघतो, आधी यांचं करू, आभाळ थांबत नाही.

राउटर उलटा करा, खाली स्टिकर असतो, त्यावर पत्ता, नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. फोन घरच्या वायफायवर ठेवून ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका, बहुतेक यातला एक असेल:

```
192.168.1.1
192.168.0.1
```

आत गेल्यावर `Wireless` किंवा `WLAN` शोधा. तिथं `Smart Connect` किंवा `Band Steering` असं काहीतरी चालू असेल, ते बंद करा. बंद केलं की एकाच्या जागी दोन रकाने दिसतील, २.४ चा वेगळा, ५ चा वेगळा. आता नीट ऐका, जुनं नाव `Mala_Home` आणि जुना पासवर्ड २.४ ला ठेवा, नवीन नाव ५ ला द्या, `Mala_Home_5G` वगैरे. उलटं केलंत तर २.४ वर चालणारी घरातली बाकीची यंत्रं, इन्व्हर्टर, स्मार्ट प्लग जे काय असेल ते, जुन्या नावामागं बसतील आणि एकेक परत जोडत बसावं लागेल. त्याच पानावर २.४ ची सिक्युरिटी पण बघून घ्या, नुसतं `WPA3` असेल तर हे कॅमेरे बहुधा आत येत नाहीत, `WPA2-PSK` ठेवा. सेव्ह केल्यावर वायफाय थोडा वेळ जाईल, घाबरू नका.

मग फोन २.४ वाल्या नावावर घ्या. खात्री करायची तर फोनमध्ये त्या वायफायच्या नावावर दाबा, फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते. आणि कॅमेरा आधी राउटरशेजारी टेबलावर ठेवून जोडा, शेडमध्ये नंतर न्या. जोडताना रेंज भरपूर असली की शंकेला जागा राहत नाही.

बेदाणा_तासगाव

झालं साहेब!! आत `Smart Connect` चालू होतं, बंद केलं, नावं तुम्ही सांगितली तशीच दिली. सिक्युरिटी आधीच `WPA2-PSK` होती. राउटरशेजारी ठेवून केलं तर पहिल्याच फटक्यात जोडला, बाई बोलली कनेक्टेड आणि लाईट निळा झाला. आता शेडमध्ये लावलाय, दोन दांड्या रेंज आहे, चित्र कधीकधी अडकतं पण कागद वर आहे का खाली ते स्पष्ट दिसतं, मला तेवढंच हवं होतं. लय उपकार झाले.

एक विचारायचंय, आता दोन्ही नावं परत एक केली तर चालेल का? दादांना दोन नावं बघून गोंधळायला होतंय, ते शेडमध्ये पण 5G वाल्याला जोडतात आणि मग म्हणतात नेट चालंना.

गणेश_विटा

करा की एक, माझ्यात करून बरेच महिने झाले, कॅमेरा अजून चालू आहे. एकदा जोडला गेला की त्याला नाव पासवर्ड पाठ असतं.

मिरज_केबलिंग

पाठ असतं हे खरं, पण लाईट जाऊन आल्यावर त्याला परत दार वाजवावंच लागतं, आणि राउटर आडमुठा असेल तर तोच खेळ परत. काहींकडं एकत्र करून व्यवस्थित चालतं, काहींकडं चार दिवसांनी कॅमेरा गायब. तुमच्या राउटरचं मला इथून सांगता येणार नाही. बेदाणा निघेपर्यंत हात लावू नका असं माझं मत. दादांच्या फोनमध्ये ५ वालं नाव `Forget` करून टाका, म्हणजे फोन आपणहून तिकडं जाणार नाही.

शेडमधली रेंज वाढवायची असेल तर राउटर टीव्हीमागून काढून शेडकडच्या खिडकीत ठेवून बघा. फायबरची वायर पुरत असेल तरच, ओढाताण करू नका, ती दुमडली की गेली.

सुप्रियाताई, तुमच्यात लाईट आल्यावर कॅमेरा आधी चालू होतो आणि फायबरचा डबा नंतर, त्याला पूर्ण उठायला काही मिनिटं लागतात. कॅमेऱ्यानं तोपर्यंत परत परत बघायला पाहिजे, पण काही मॉडेल मध्येच सोडून देतात. ॲपमध्ये कॅमेऱ्याचं फर्मवेअर अपडेट दिसतंय का बघा. नाहीतर राउटर छोट्या यूपीएसवर टाका, बारा व्होल्टचे राउटरसाठीच मिळतात, ॲडॅप्टरवर व्होल्ट बघून घ्या. राउटर बंदच पडला नाही तर कॅमेऱ्याला वाट बघायला लागणार नाही.

सुप्रिया_सातारा

अपडेट केलं दादा, काल लाईट गेली तेव्हा आपोआप परत आला, आज सकाळी मात्र नाही आला. मिनी यूपीएस मागवते. कंपनीला फोन करून बँड वेगळे करून द्या म्हणाले, त्यांनी तक्रार लिहून घेतलीय, अजून कोणाचा फोन नाही.

निवांत_कराड

बेदाणा भाऊ, कॅमेरा पावसात भिजणारा नाही ना? शेडच्या कडेला लावला असेल तर वरून काहीतरी आडोसा करा.

बेदाणा_तासगाव

आत मधल्या खांबावर लावलाय दादा, वरती पत्रा आहे. धुरळा बसतो तेवढा पुसायला आईला सांगितलंय.