मदत हवी आहे: कांदा चाळीची केस स्टडी इंट्रोडक्शन-मेथड्स-रिझल्ट्स-डिस्कशनमध्ये कशी बसवावी?

कांदापात

निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या 25 टनी चाळीवर केस स्टडी लिहिली आहे. रब्बीचा कांदा 5 मे रोजी भरला, शेवटचं निरीक्षण 2 ऑक्टोबरला, म्हणजे 150 दिवस. 10 किलोच्या 12 जाळीदार पिशव्या एकाच ओळीत खाली, मध्ये आणि वर अशा चार-चार ठेवल्या होत्या. दर 30 दिवसांनी पिशव्या काढून वजन, सड आणि कोंब यांची नोंद केली. लिखाण महिन्यांप्रमाणे आहे: मे-जून, जुलै, ऑगस्ट असं. जर्नलने ते चार भागांत मांडून पाठवायला सांगितलं आहे. नुसते परिच्छेद हलवले तर काहीच धड लागत नाही. नमुन्यासाठी एक परिच्छेद देते:

"जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग पाऊस झाला. पश्चिमेकडून झड आत येऊ लागल्याने शेतकऱ्याने त्या बाजूला बारदान बांधलं. त्यामुळे खालच्या थरात हवा कोंडली आणि सड वाढली. 3 ऑगस्टला खालच्या पिशव्यांतून 4.3 किलो सडका कांदा निघाला, वरच्यांतून 1.1 किलो. म्हणून पावसाळ्यात बारदान न लावणं योग्य."

हे कुठे टाकायचं?

शिवार_22

सरळ आहे. मे-जूनचा भाग म्हणजे चाळ भरणं, तो मेथड्स. जुलै ते सप्टेंबर रिझल्ट्स. ऑक्टोबरचा शेवटचा भाग डिस्कशन. इंट्रोडक्शन वेगळं लिहा: कांद्याचं देशातलं क्षेत्र, उत्पादन, निर्यात, साठवणुकीचं महत्त्व, वाण, हवामान. दोन पानं तरी हवीत. आणि रिझल्ट्समध्ये "सिग्निफिकंट" शब्द आला पाहिजे, म्हणजे अनोव्हा लावाच.

परिचर्या

केस रिपोर्टला हा साचा चालत नाही ना? आमच्याकडे रुग्णाची माहिती, तपासण्या, निदान, उपचार, पाठपुरावा आणि मग चर्चा असा क्रम असतो. केअर नावाची मार्गदर्शक यादी 2013 पासून आहे, तिच्यात टाइमलाइनही मागतात. तुम्ही संपादकांना ती दाखवून महिन्यांचा क्रम तसाच ठेवू शकता.

मोडीवाचक

परिचर्याताई, केअर यादी रुग्णांच्या केस रिपोर्टसाठी आहे आणि तिथे ती बरोबरच आहे. इथे एक चाळ आधी ठरवलेल्या पद्धतीने, ठरावीक अंतराने मोजली आहे, म्हणून चार भागांचा साचा बसतो. टाइमलाइनची कल्पना मात्र उपयोगी आहे, तिच्याकडे खाली येतो.

शिवार, महिन्यावरून भाग ठरत नाही. जूनच्या मजकुरातही रिझल्ट असतो आणि ऑक्टोबरच्या मजकुरातही पद्धत असते. कांदापात, म्हणूनच परिच्छेद हलवून काही लागत नाही. तुमच्या एका परिच्छेदात दोन-तीन भागांची वाक्यं आहेत, त्यामुळे एकेक वाक्य घेऊनच फोडावं लागेल. प्रत्येक वाक्याला विचारा: हे आम्ही ठरवून केलं, मोजलं किंवा पाहिलं, की त्यावरून समजलो?

तुमचाच परिच्छेद घेऊ. "सलग पाऊस झाला" हे पाहिलेलं, म्हणून रिझल्ट्स. पण तिथे "सलग"ऐवजी तारखा आणि जवळच्या पर्जन्यमापकावरचे मिलिमीटर द्या. "बारदान बांधलं" हे तुमच्या आराखड्यात नव्हतं, चालू अभ्यासात घडलं. असे बदल मी रिझल्ट्सच्या सुरुवातीला एका छोट्या तक्त्यात ठेवतो: तारीख, काय बदललं, कोणत्या पिशव्यांवर परिणाम होऊ शकतो. ही झाली तुमची टाइमलाइन. काही संपादक हाच तक्ता मेथड्सच्या शेवटी मागतात. तेही चालेल, फक्त दोन्हीकडे नको.

"त्यामुळे हवा कोंडली आणि सड वाढली" हे वाक्य सर्वांत धोक्याचं. यात सड मोजलेली आहे, हवा कोंडल्याचं मोजमाप दिसत नाही. सड रिझल्ट्समध्ये जाईल आणि "त्यामुळे" डिस्कशनमध्ये. आर्द्रतामापक कुठे होता?

4.3 आणि 1.1 किलो रिझल्ट्समध्ये, पण मधल्या पिशव्यांचा आकडा का गाळला? तिन्ही थर द्या. शेवटचं "बारदान न लावणं योग्य" हा सल्ला डिस्कशनच्या शेवटी येईल, आणि तोही इतका ठाम नको. बारदान न लावलेली दुसरी चाळ तुमच्याकडे नाही. बारदान नसतं तर झडीने भिजून जास्त सडला असता, असंही कोणी म्हणू शकेल.

कांदापात

आर्द्रतामापक एकच होता, मधल्या थरात. मधल्या पिशव्यांची सड 1.8 किलो. अजून दोन शंका. ऑगस्टच्या मध्यावर भाव चढले म्हणून शेतकऱ्याने निम्मा माल विकला, 5 फुटांचा थर अडीच फुटांवर आला. हे "शेतकऱ्याचा निर्णय" म्हणून इंट्रोडक्शनमध्ये घेऊ का? आणि एकूण घट वेगवेगळ्या महिन्यांत लिहिली होती, ती एकत्र केली तर सड 17.6, वजनातली घट 16.9, कोंब 6.6 टक्के येतात. चांगला कांदा 65 टक्के उरला. बेरीज जमत नाही. 12 पिशव्यांचे मिळून आकडे, किलोमध्ये:

| निरीक्षण | सड | कोंब | वजनातली घट | उरलेला चांगला |
|---|---|---|---|---|
| 4 जून | 1.2 | 0 | 5.4 | 113.4 |
| 4 जुलै | 3.0 | 0 | 4.2 | 106.2 |
| 3 ऑगस्ट | 7.2 | 0.6 | 3.6 | 94.8 |
| 2 सप्टेंबर | 4.2 | 1.8 | 2.6 | 86.2 |
| 2 ऑक्टोबर | 2.4 | 3.6 | 2.2 | 78.0 |

आकडेमोड

बेरीज 106 च्या वर जाते, कारण प्रत्येक महिन्याचा टक्का तुम्ही त्या महिन्याच्या सुरुवातीला उरलेल्या वजनावर काढला आणि मग टक्क्यांची बेरीज केली. ऑगस्टची 7.2 किलो सड 106.2 किलोवर 6.8 टक्के होते, मूळ 120 किलोवर 6 टक्के. छेद दर महिन्याला लहान होत जातो, म्हणून बेरीज फुगते.

सगळं 120 वर काढा. सड 18 किलो म्हणजे 15 टक्के, वजनातली घट 18 किलो म्हणजे 15, कोंब 6 किलो म्हणजे 5, चांगला 78 किलो म्हणजे 65. बरोबर 100. महिन्याचा वेग दाखवायचा असेल तर उरलेल्या वजनावरचा टक्का वेगळ्या रकान्यात ठेवा, पण त्याची बेरीज कधीच नको. मेथड्समध्ये एक वाक्य हवंच: "सर्व टक्केवारी साठवणीच्या वेळच्या वजनावर काढली आहे."

सडलेल्या कांद्यातून पाणी गळतं. ते वजन तुमच्या हिशेबात सडीत न जाता वजनातल्या घटीत जातं. म्हणून सड थोडी कमी आणि घट थोडी जास्त दिसते. याला उपाय नाही, पण डिस्कशनमध्ये मर्यादा म्हणून लिहा. परीक्षकाने काढण्याआधी तुम्हीच लिहिलेलं बरं.

मोडीवाचक

माल विकल्याची गोष्ट इंट्रोडक्शनमध्ये नको, ती त्याच बदलांच्या तक्त्यात जाईल. पण तिचा परिणाम मोठा आहे. थर निम्मा झाल्यावर "वरच्या" पिशव्या वर राहिल्याच नाहीत. त्यांच्यावरचा भार आणि त्यांच्याभोवतीची हवा दोन्ही बदललं. त्यामुळे खाली-मध्ये-वर ही तुलना 3 ऑगस्टपर्यंतच्या तीन निरीक्षणांचीच द्या. पुढच्या दोन निरीक्षणांसाठी सगळ्या 12 पिशव्यांचा एकत्रित आकडा द्या आणि कारण तिथेच एका वाक्यात सांगा. सप्टेंबरमधली सड कमी झाल्याचं श्रेयही घाईने पाऊस ओसरण्याला देऊ नका. अर्धा थर उघडा झाला होता, हे दुसरं कारण समोरच आहे.

आर्द्रतामापक मध्ये एकच असल्याने खालच्या थराची हवा तुम्हाला माहीत नाही. डिस्कशनमधलं वाक्य असं होईल: "खालच्या थरात सड जास्त आढळली. बारदानामुळे हवा कमी खेळणं हे एक संभाव्य कारण आहे, पण त्या थरातली आर्द्रता मोजलेली नव्हती. वरच्या थरांचा भार आणि भरताना झालेली इजा हीही कारणं असू शकतात."

मेथड्समध्ये बऱ्याच जणांची एक गोष्ट सुटते: कांदा चाळीत येण्याआधीचं सगळं. वाण, शेवटचं पाणी काढणीआधी किती दिवस तोडलं, शेतात पातीसकट किती दिवस सुकवला, मान किती सेंटिमीटर ठेवून कापली, सावलीत किती दिवस ठेवला, जोड आणि डेंगळे निवडून काढले का. साठवणीचं बरंचसं भवितव्य इथेच ठरतं. हे नसेल तर कोणालाच तुमची सड स्वतःच्या चाळीशी ताडून पाहता येणार नाही.

शिवार_22

पण अनोव्हा न लावता 4.3 आणि 1.1 मधला फरक खरा आहे हे कसं मानणार? पिशव्या चार-चार आहेत, रेप्लिकेशन झालंच की.

आकडेमोड

चार पिशव्या एकाच चाळीतल्या, एकाच शेतकऱ्याच्या, एकाच बारदानामागच्या आहेत. त्यांच्यावर चाचणी लावली तर उत्तर त्या चाळीतल्या त्या ओळीपुरतं मिळेल. "बारदानाने सड वाढते" हे त्यातून निघत नाही, कारण चाळ एकच आहे. मी प्रत्येक पिशवीचा आकडा ठिपक्यांच्या आलेखात दाखवला असता. खालच्या चारही पिशव्या वरच्या चारींपेक्षा जास्त सडल्या की एकाच खराब पिशवीने आकडा ओढला, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

मोडीवाचक

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. थरांची तुलना तुम्ही आधीपासून ठरवली असेल तर साधी चाचणी द्यायला हरकत नाही, मात्र "या चाळीत" हे शब्द शेजारी हवेत. जर्नलवर अवलंबून आहे. त्यांचे मागचे दोन अंक उघडून एका जागेवरचे अभ्यास कसे छापलेत ते पाहा.

इंट्रोडक्शनबद्दल: दोन पानं नकोत. तीन परिच्छेद पुरतील. रब्बी कांदा का साठवावा लागतो, चाळीतल्या थरांबद्दल काय माहीत आहे आणि काय नाही, आणि शेवटी तुमचा प्रश्न एका वाक्यात. निर्यातीचे आकडे तुमच्या प्रश्नाला लागत नाहीत.

कांदापात

वर्डमध्ये हे फोडताना गोंधळ होतोय, आकृत्यांचे क्रमांकही हलले.

आकडेमोड

मूळ फाइलची प्रत काढा. त्या प्रतीत प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर घ्या आणि चार हायलाइट रंग द्या. ज्या वाक्याला दोन रंग लागतात ते आधी तोडा, तुमचं "त्यामुळे"वालं वाक्य तसंच आहे. मग नवीन फाइलमध्ये चार शीर्षकांना `Heading 1` आणि पोटशीर्षकांना `Heading 2` द्या. `View` मधून `Navigation Pane` उघडला की पोटशीर्षक धरून ओढलं, तर त्याखालचा मजकूरही सोबत जातो.

आकृत्यांचे क्रमांक हाताने टाइप केले असतील तर हलणारच. `References` मधल्या `Insert Caption` ने द्या, मजकुरातला उल्लेख `Cross-reference` ने टाका. सगळं हलवून झाल्यावर `Ctrl+A` आणि `F9`.

कांदापात

रंग देऊन पाहिलं. ऑगस्टच्या पानावर जवळजवळ सगळी वाक्यं दोन रंगांची निघाली. एक राहिलं: शेतकरी म्हणाले, "दरवर्षी इतका सडत नाही." हे रिझल्ट्स का?

मोडीवाचक

मुलाखत घेणार हे आधी ठरलं होतं आणि प्रश्न लिहून ठेवले होते, तर मेथड्समध्ये तसं सांगा आणि उत्तर रिझल्ट्समध्ये घ्या. सहज बोलता बोलता म्हणाले असतील तर डिस्कशनमध्ये, "शेतकऱ्याच्या सांगण्यानुसार" असं लिहून. मागच्या वर्षांची वजनं त्यांच्या वहीत असतील तर तेवढं विचारून घ्या, बाजार समितीच्या पट्ट्याही चालतील. पट्टीत विकलेलं वजन मिळेल, सड मिळणार नाही, पण भरलेला माल वहीत असेल तर एकूण घट तरी काढता येईल.